विमा एजंटची परीक्षा पास होऊन अकरा महिने झाले, परवाना अजून नाही. आता काय?

माणदेशी_मीरा | 14 सप्टेंबर 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

गेल्या वर्षी 9 ऑक्टोबरला मी जीवन विम्याची आयसी-38 परीक्षा साताऱ्यात जाऊन दिली आणि पास झाले. 50 पैकी 34 बरोबर. त्याआधी 25 तासांचं प्रशिक्षण झालं होतं. पासचं सर्टिफिकेट साहेबांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी एजन्सी घेणार त्या विकास अधिकाऱ्यांनी, ठेवून घेतलं. माझ्याकडे झेरॉक्स आहे. तेव्हापासून "कोड येतोय, कोड येतोय" एवढंच ऐकतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आता शेजारची म्हणते की तुझा परवाना तीन वर्षांचा आहे, त्यातलं एक वर्ष असंच गेलं. खरं का हे? आणि नूतनीकरणाला परत परीक्षा द्यावी लागते का? मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्याची काही अडचण येईल का?

---

टवाळ_पोरगा | रात्री 9.52

पहिला धागा आणि त्यात विमा! आता सगळे सभासद ऑफलाइन जाणार बघा.

---

विदर्भवीर | रात्री 10.15

शेजारीण बरोबर सांगतेय. परवाना तीन वर्षांचा असतो. संपायच्या आधी 25 तासांचं नूतनीकरण प्रशिक्षण करायचं आणि 250 रुपये भरायचे, परत परीक्षा नाही. माझ्या काकांनी दोनदा केलंय. तुमचे 25 तास बहुतेक तेच असतील, कारण पहिल्या वेळेला पन्नास तास असतात. तुमच्या साहेबांनी काहीतरी घोळ घातलेला दिसतो.

---

गणिताचे_सर | रात्री 10.31

50 पैकी 34 म्हणजे 68 टक्के. पासाला 35 टक्के लागतात, म्हणजे 18 उत्तरं. ताई, तुम्ही जवळपास दोनदा पास झालात.

---

नाना_अकोलेकर | 15 सप्टेंबर, सकाळी 6.20

मीराताई, मी वीसेक वर्षांपासून या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

विदर्भवीर म्हणतात ते खोटं नाही, पण जुनं आहे. त्यांच्या काकांच्या काळी विमा नियामक प्राधिकरण परवाना द्यायचं. तो तीन वर्षांचा असे आणि नूतनीकरणाचे 25 तास, 250 रुपये हे सगळं तेव्हाचं. पहिल्या परवान्याआधी शंभर तास बसावं लागे, पुढे त्याचे पन्नास झाले आणि आता तुम्ही केलेत ते पंचवीस. आमची बॅच अकोल्यात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बसायची आणि खाली लग्नं लागायची. 'परमसद्भाव' हा शब्द मी सनईच्या सुरात शिकलोय.

2015 साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2016 पासून नवे नियम आले. त्यात परवाना ही वस्तूच राहिली नाही. आता कंपनी तुमची *नेमणूक* करते आणि नेमणूकपत्र देते, त्याला आपण सवयीने लायसन म्हणतो. त्याच्यावर शेवटची तारीख नसते. तुम्ही राजीनामा देईपर्यंत किंवा कंपनी काढेपर्यंत ते चालतं, म्हणून नूतनीकरणही नाही. शिक्षणाची अटही बदलली. पूर्वी पाच हजारांच्या वरच्या गावाला बारावी लागायची, आता सगळीकडे दहावी.

म्हणजे तुमच्या परवान्याचं एक वर्ष वाया गेलेलं नाही, कारण परवाना मुळात मिळालेलाच नाही. पण आता नीट वाचा. *परीक्षेच्या पास सर्टिफिकेटला* मुदत आहे. पहिल्यांदाच एजंट व्हायचं असेल तर ते बारा महिनेच चालतं. तुमची परीक्षा 9 ऑक्टोबर 2024 ची, आणि आज 15 सप्टेंबर आहे. तुमच्या हातात साडेतीन आठवडेसुद्धा नाहीत.

---

माणदेशी_मीरा | सकाळी 7.05

नाना, पोटात गोळा आला. साहेब तर म्हणाले होते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं.

---

नाना_अकोलेकर | सकाळी 7.30

एकदा नेमणूक झाली की मग चालतं, त्या अर्थाने ते म्हणाले असतील. पुढे कंपनी बदलली तरी परीक्षा परत नाही. अट पहिल्या वेळेपुरती आहे.

आधी एक काम करा. `agencyportal.irdai.gov.in` या साइटवर `PAN Lookup` आहे. तिथे स्वतःचा पॅन टाका. नेमणूक झाली असेल तर नाव, कंपनी आणि तारीख दिसेल. काहीच दिसलं नाही तर कोड "येतोय" म्हणजे कुठूनही येत नाहीये.

---

पेडण्याचो_पावलू | सकाळी 8.12

देव बरें करूं नाना. मी सहज स्वतःचा पॅन टाकून बघितला, तर मी एजंट निघालो! 2019 पासून! माझ्या मावसभावाची तेव्हा माणसं भरायची मोहीम चालली होती. म्हापशात कुठेतरी नेऊन परीक्षा द्यायला लावली, नंतर जेवायला घातलं. मला वाटलं विषय संपला. आता मला दुसऱ्या कंपनीचा जीवन विमा करायचाय. जमेल?

---

विदर्भवीर | सकाळी 8.40

पावलूभाऊ, विमा *काढायला* कशाला हवी परवानगी? कोणाचाही काढा की.

---

पेडण्याचो_पावलू | सकाळी 8.44

काढायचा नाय हो, विकायचाय.

---

नाना_अकोलेकर | सकाळी 9.10

पावलू, एका वेळी एकच जीवन विमा कंपनी. त्याच्या जोडीला एक सर्वसाधारण विम्याची आणि एक निव्वळ आरोग्य विम्याची चालते, पण दोन जीवन कंपन्या नाहीत. आधी जुन्या कंपनीला लेखी राजीनामा द्या. त्यांनी एजन्सी संपल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, नमुना 1-सी. 2016 च्या नियमात त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून 90 दिवस थांबल्यावरच नवी कंपनी तुमचा अर्ज बघते. लोकांचं घोडं इथेच अडतं. राजीनामा दिला म्हणून नवीन ठिकाणी बसायला जातात आणि जुनी कंपनी 1-सी देतच नाही. राजीनाम्याची पोच घेऊन ठेवा.

---

ऑस्टिनकर | सकाळी 9.35

इकडे टेक्सासात मी जीवन आणि आरोग्याचा परवाना काढलाय म्हणून गंमत वाटली, सगळं उलटं आहे. इथे परीक्षेआधी तास भरण्याची सक्तीच नाही. घरी बसून अभ्यास करा आणि थेट परीक्षा द्या. मात्र परवाना दोन वर्षांचा, आणि प्रत्येक वेळी नूतनीकरणाआधी 24 तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. तुमच्याकडे दारात विचारपूस जास्त, एकदा आत गेलं की कोणी विचारत नाही असं दिसतंय.

---

टवाळ_पोरगा | सकाळी 9.41

आमच्याकडे लग्नाचंही तसंच आहे.

---

कऱ्हाडची_किमया | सकाळी 11.00

त्या 25 तासांचं मला कोणी सांगेल का? माझी नोंदणी झालीय, प्रशिक्षण ऑनलाइन आहे. मैत्रीण म्हणाली लॅपटॉप उघडा ठेवायचा, मधूनमधून क्लिक करायचं, भाकऱ्या होईपर्यंत तास भरतात.

---

गणिताचे_सर | सकाळी 11.25

भरतात खरे. मी असेच भरले आणि 15 बरोबर आले. 18 हवे होते. निगेटिव्ह मार्किंग नाही, वेळ एक तास, पर्याय चार. नुसतं डोळे मिटून ठोकलं तरी साधारण बारा बरोबर येतात, म्हणजे पंचवीस तासांच्या क्लिकने माझ्या ज्ञानात तीन प्रश्नांची भर पडली. आणि मी गणित शिकवतो.

---

नाना_अकोलेकर | दुपारी 1.15

सर, हे प्रांजळपणे सांगितलंत म्हणून लिहितो. किमया, पाठ करून सुटणारे प्रश्न थोडे असतात. मुलं अडकतात ती एकाच कल्पनेचं उत्तर विम्याच्या प्रकारागणिक बदलतं तिथे. विमाहित, म्हणजे ज्याचा विमा काढतो त्याचं नुकसान झालं तर आपलंही नुकसान होणं, ते *कधी* असायला हवं, हा प्रश्न बघ. जीवन विम्यात ते पॉलिसी घेताना असलं की पुरे. नवऱ्याने बायकोचा विमा काढला आणि पुढे घटस्फोट झाला, तरी पॉलिसी बाद होत नाही. आगीच्या विम्यात घेतानाही हवं आणि नुकसान होतानाही हवं. दुकान विकून टाकलंस आणि नंतर ते जळलं तर तुला काही मिळणार नाही. सागरी विम्यात फक्त नुकसानीच्या वेळी बघतात, कारण बोट समुद्रात असतानाच माल हातोहात विकला जातो. हे कारण कळलं की तीनही उत्तरं आपोआप येतात. कारण न कळता पाठ केलंस तर परीक्षेत तिन्ही एकमेकांत मिसळतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न मानवी जीवन मूल्याचा. समज, माणूस वर्षाला 3,00,000 मिळवतो आणि त्यातले 60,000 स्वतःवर खर्च करतो. घराला 2,40,000 उरतात. व्याजदर 6 टक्के धरला तर एवढं व्याज देणारी रक्कम किती?

---

गणिताचे_सर | दुपारी 1.18

40 लाख. हा मला आला होता!

---

नाना_अकोलेकर | दुपारी 1.30

शाबास. चुकणारे 3,00,000 वरच भाग देतात आणि 50 लाख लिहितात. पर्यायात ते हमखास ठेवलेलं असतं.

---

कऱ्हाडची_किमया | दुपारी 2.05

एक शंका. पॉलिसी परत करायची मुदत माझ्या पुस्तकात 15 दिवस दिलीय, प्रशिक्षक 30 म्हणाले. परीक्षेत काय लिहू?

---

विदर्भवीर | दुपारी 2.20

15. पुस्तकात आहे ते लिहायचं.

---

नाना_अकोलेकर | दुपारी 2.50

2024 च्या नियमांनी ती 30 दिवस झाली आहे, ग्राहकाला तेच सांगायचं. आरोग्य विम्यातही तेव्हाच बदल झाले. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा 48 वरून जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आली. तुझं पुस्तक कोणत्या सालचं आहे ते आधी बघ. जुनं असेल तर कंपनीकडून नवी आवृत्ती मागून घे.

---

विदर्भवीर | दुपारी 2.58

मी तरी 15 च लिहिलं असतं.

---

टपालवाला | दुपारी 4.30

मीराताईंच्या शिक्षक मिस्टरांचा प्रश्न सगळे विसरले, म्हणून लिहितो. मी केंद्र सरकारचा कर्मचारी आहे आणि माझी बायको एजंट आहे. आमच्या वर्तणूक नियमात, म्हणजे 1964 च्या नियमांतल्या नियम 15 मध्ये, दोन गोष्टी स्पष्ट आहेत. घरातलं कोणी विम्याची एजन्सी चालवत असेल तर खात्याला कळवायचं. आणि बायकोच्या एजन्सीसाठी नवऱ्याने ग्राहक गोळा केले तर तो नियमभंग. म्हणजे तिने एजन्सी घेण्याला बंदी नाही, बंदी माझ्या तोंडाला आहे. मी एक ओळीचं पत्र देऊन शिक्क्याची पोच घेतली, विषय संपला. जिल्हा परिषदेचे नियम वेगळे आहेत, ते मिस्टरांनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावे.

---

टवाळ_पोरगा | दुपारी 4.34

म्हणजे स्टाफरूममध्ये फॉर्म वाटणारे आमचे पीटीचे सर...

---

टपालवाला | दुपारी 4.36

नावं नकोत.

---

माणदेशी_मीरा | 16 सप्टेंबर, रात्री 8.15

पॅन टाकून बघितला. काहीच नाही. मग आज मिस्टरांना घेऊन सरळ शाखेत गेले, साहेबांना न विचारता. तिथल्या मॅडमनी कपाटातून फाइल काढली. माझा अर्ज भरलेला होता पण पुढे गेलेलाच नव्हता. वर पेन्सिलीने लिहिलेलं, "नाव जुळत नाही". दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. एवढ्यासाठी अकरा महिने! आणि कोणी एक फोन केला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. साहेब म्हणाले होते, "कोड येईपर्यंत धंदा थांबवू नका, आमच्या मेव्हणीच्या कोडवर टाका." त्यामुळे मार्चमध्ये दिराची एक पॉलिसी मी तशी केली. माहिती मी सांगितली, फॉर्म मी भरून घेतला, एजंट म्हणून सही त्यांच्या मेव्हणीची. कमिशन माझ्या नावावर जमा होतंय म्हणाले होते.

---

नाना_अकोलेकर | रात्री 8.50

ताई, आता रागावून लिहितोय, पण तुमच्यावर नाही.

नावाचं सोपं आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोडा, त्याच्यावर दोन्ही नावं येतात. नोंदणी झाली नसेल तर ग्रामपंचायतीत आधी ते करा, नाहीतर राजपत्राच्या वाटेने जावं लागेल आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. अर्ज म्हणजे नमुना 1-ए उद्याच्या तारखेने नव्याने द्या आणि पोच घ्या. कंपनीने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 17 सप्टेंबर अधिक पंधरा म्हणजे 2 ऑक्टोबर, आणि त्या दिवशी दसराही आहे आणि गांधी जयंतीही. म्हणजे दिवस अगदी हातघाईचे आहेत.

मेव्हणीचा कोड मात्र बरा प्रकार नाही. नेमणूक नसताना एजंटचं काम करणाऱ्याला कायद्याच्या कलम 42 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. असं काम करून घेणाऱ्या कंपनीला तो एक कोटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून कंपनीला ही गोष्ट लेखी कळली तर ती साहेबांना सोडणार नाही. आणि कमिशन "तुमच्या नावावर जमा" होत नसतं, ते ज्याचा कोड त्यालाच जातं. पुढे दिराच्या क्लेमच्या वेळी कागदावर एजंट म्हणून दिसणार त्या मेव्हणीबाई. त्यांनी दिराला पाहिलेलंही नाही, तरी त्याच्या प्रकृतीबद्दलच्या गोपनीय अहवालावर सही मात्र त्यांची.

---

टवाळ_पोरगा | रात्री 8.58

इथे माझ्याकडे विनोद नाही.

---

विदर्भवीर | रात्री 9.20

नाना, एक विचारतो, वाद घालत नाही. बारा महिने कशाचे मोजायचे? 9 ऑक्टोबरच्या आत *अर्ज* दिला तर चालतं की *नेमणूकपत्र* हातात हवं? अर्ज पुरेसा असेल तर ताईंनी एवढं घाबरायचं कारण नाही.

---

नाना_अकोलेकर | रात्री 9.45

चांगला प्रश्न. नियमाचे शब्द नेमणूक *मिळवण्यासाठी* बारा महिने चालेल असे आहेत. त्यावरून मी म्हणेन अर्ज मुदतीत गेला की झालं. पण आमच्या शाखेतले म्हणतात, सिस्टीममध्ये नेमणुकीची तारीख टाकताना मुदत तपासली जाते. दोघांपैकी कोण बरोबर यावर माझी गेल्या वर्षी एका मॅनेजरशी वादावादी झाली, अजून बोलत नाही तो. ताईंनी हा वाद सोडवत बसू नये, दोन्ही मुदतीत बसवावं.

---

ऑस्टिनकर | 17 सप्टेंबर, पहाटे 5.10

आणि उलटलीच मुदत, तर परत पूर्ण 25 तास?

---

गणिताचे_सर | सकाळी 7.00

परत परीक्षा तर नक्कीच. मीराताई, मी पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा बसतोय, वेळ आली तर बरोबर जाऊ. तुम्ही 34 वाल्या, मी तुमच्या मागच्या खुर्चीवर.

---

पेडण्याचो_पावलू | 25 सप्टेंबर, दुपारी 12.20

राजीनामा दिला, पोच घेतली. मावसभाऊ जेवायला बोलावतोय. गेलो नाय.

---

माणदेशी_मीरा | 4 ऑक्टोबर, रात्री 10.05

आलं!! नेमणूकपत्र आलं. तारीख 1 ऑक्टोबर. विवाह नोंदणी झालेलीच होती, दाखला सासूबाईंच्या ट्रंकेत सापडला. अर्ज 17 ला दिला, पोच मागितली तेव्हा क्लार्क म्हणाले "पोच कशाला, घरचंच आहे". मिस्टर तिथेच खुर्ची ओढून बसले, मग दिली. पॅन टाकला की आता साइटवर माझं नाव दिसतं. चार वेळा बघितलं.

मिस्टरांनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पत्र दिलंय. तिथल्या बाबूंनी पत्र घेतलं आणि विचारलं, "वहिनींकडे मुलांच्या शिक्षणाची कुठली योजना चांगली आहे हो?" मिस्टर म्हणाले मला बोलायला बंदी आहे, फोन नंबर देतो.

दिराच्या पॉलिसीचं अजून समजत नाही. साहेब आता फोन उचलत नाहीत. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या लेखी द्या. लेखी दिलं तर त्यात मी स्वतःच कबूल करतेय की नेमणूक नसताना विकलं. नाना, काय करू?

---

नाना_अकोलेकर | 5 ऑक्टोबर, सकाळी 6.15

आधी अभिनंदन. पत्राची रंगीत झेरॉक्स काढून मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, या वेळी साहेबांकडे नको.

दिराचं असं करा. तक्रार दिराच्या नावाने जाऊ द्या, ग्राहक तो आहे. "पॉलिसीवर दाखवलेल्या एजंटला मी कधी भेटलेलो नाही" एवढं एक वाक्य, आणि तेही खरं. त्याबरोबर प्रस्तावाची प्रत मागवा आणि प्रकृतीचे प्रश्न नीट भरलेत का ते ओळ न् ओळ बघा. काही राहिलं असेल तर आत्ताच लेखी कळवा, क्लेमच्या दिवशी नको. तुमचं नाव कंपनीने विचारलं तर मात्र लपवू नका.

---

विदर्भवीर | सकाळी 8.30

माझं मत वेगळं आहे. नवीन एजन्सी, पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या साहेबांविरुद्ध कागद? प्रत मागवावी, फॉर्म बरोबर असेल तर गप्प बसावं. त्याच शाखेत वीस वर्षं काढायचीत त्यांना.

---

टपालवाला | सकाळी 9.05

वीस वर्षं काढायचीत म्हणूनच द्यावा कागद.

---

माणदेशी_मीरा | सकाळी 11.40

दिराला विचारलं. तो म्हणतो, फॉर्मवर वजन किती लिहिलंयस वहिनी ते आधी सांग. प्रत मागवतेय.